सव्वीस गुण

ज्ञानदाला आलेल्या पत्राचं उत्तर लिहून देतो, असं मी कबूल केलं आणि चार दिवस ते तसंच ठेवलं. मी पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकवायचो. फुलपाड्यातल्या आमच्या मजल्यावर असलं काही आलं की माझंच दार वाजतं. आपण त्या विश्वासाला पुरतो का, हे मला कधी कळलं नाही.

ज्ञानदाची कनिष्ठ अभियंता म्हणून निवड झाली होती. अट होती सहाही सत्रांचे मिळून साठ टक्के, अपूर्णांक वर न ओढता. अर्जात तिने ६०.६७ भरले होते. कंपनीने विचारलं होतं, हा आकडा कसा काढला?

पाचव्या दिवशी ती वडिलांना, जयवंतरावांना, घेऊनच आली.

"सहा टक्केवाऱ्यांची बेरीज, भागिले सहा. आमच्या ग्रूपवर सगळ्यांनी तसंच काढलंय, काका."

"सत्रांचे एकूण गुण सारखे असते तर चाललं असतं," मी म्हणालो. "तुझं पहिलं सत्र पाचशेचं, पाचवं नऊशेचं. पाचशेतले त्र्याहत्तर टक्के आणि नऊशेतले पंचावन्न, यांचं वजन एक कसं धरायचं?"

"म्हणजे मी हुशार होते तेव्हा पेपरच कमी होते!" ती हसली. मग हसू राहिलं नाही.

मी गुणपत्रिका पुन्हा मांडल्या. पाचशेपैकी ३६५, साडेसहाशेपैकी ४४२, आठशेपैकी ४६४, साडेआठशेपैकी ४७६, नऊशेपैकी ४९५, आठशेपैकी ४३२. साडेचार हजारांत २६७४. ५९.४२ टक्के. साठला २७०० लागत होते.

"सर, गणितात दुसरी काहीतरी रीत असेलच की," जयवंतराव म्हणाले. "तुम्ही एवढी पुस्तकं वाचता!"

चार दिवस मी तीच शोधत होतो. शेवटच्या वर्षाची दोनच सत्रं धरली तर टक्का चोपन्नवर यायचा. साठ ओलांडणारी रीत एकच होती, ज्ञानदाने लावलेली, आणि ती चूक होती. तसं मी त्यांना सांगितलं.

"मग तसंच लिहा. त्यांना काय कळतंय?"

"कळलं म्हणूनच विचारलंय ना, बाबा."

जयवंतराव खिडकीकडे बघत बसले. गावाकडे पेढे वाटून झाले होते. मी चष्मा पुसला.

ज्ञानदाने कागद ओढला आणि स्वतःच लिहायला घेतलं. सत्रवार गुण, बेरीज, ५९.४२. खाली : 'सरासरी चुकीच्या पद्धतीने काढली गेली. माहिती लपवण्याचा हेतू नव्हता.'

"काका, 'हेतू' बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"याने निवड राहील?"

"नाही गं. पुढच्या अर्जाला आडकाठी येऊ नये, एवढंच."

विरारच्या पोस्टात रांग होती. खिडकीतल्या बाईंनी पाकीट तोललं, पावती दिली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.