जिन्यावर सुचलेलं

मादाम काझनाव्हनं मला फोन केला तेव्हा माझ्या गुडघ्यांचं दुखणं ऐन भरात होतं. मी पहिला प्रश्न विचारला तो कामाचा नव्हताच. "कितवा मजला?"

"तिसरा."

"लिफ्ट?"

"नाही हो मस्यू. कारखाना जुना आहे."

नाही म्हणायचं तोंडावर आलं होतं. पण नगरपालिकेच्या भिंतीवर जी यादी लागते, त्यात माझं नाव वरून चौथं आहे आणि वरच्या तिघांनी आधीच अंग काढून घेतलं होतं. कुणाला कामावरून काढायचं असलं की मालकानं त्याला आधी समोर बसवून बोलायचं, असा आमच्याकडे कायदा आहे. कारखान्यात युनियन नसेल तर कामगारानं या यादीतला एक माणूस सोबत न्यायचा. तो माणूस म्हणजे मी, आन्सेल्म रूदिए, निवृत्त यंत्रचालक. पगार नाही, फक्त मेट्रोचं तिकीट मिळतं. बैठकीत जे बोललं जाईल ते मी टिपून घेतो. पुढे प्रकरण कामगार न्यायालयात गेलं तर तो टिपलेला कागद उपयोगी पडतो. खोलीत जे बोललं गेलं तेवढंच त्यात येतं. बाहेर सुचलेलं एक अक्षरही नाही.

आणि सगळ्यांना सुचतं ते बाहेरच.

आमच्या भाषेत याला एस्प्री द लेस्कालिए म्हणतात, जिन्यावरची बुद्धी. अडीचशे वर्षांपूर्वी एक तत्त्वज्ञ एका मंत्र्याकडे जेवायला गेला होता. कुणीतरी त्याला असं काही सुनावलं की त्याची बोबडीच वळली. मोठ्या घरांत दिवाणखाना वरच्या मजल्यावर असायचा. निरोप घेऊन जिन्याच्या तळाशी पोचल्यावर त्या बिचाऱ्याचं डोकं ताळ्यावर आलं. वरातीमागून घोडं. तेव्हापासून हा शब्द आमच्या तोंडी बसला आहे. परदेशी लोकांना वाटतं, हे त्या उशिरा सुचलेल्या उत्तराचं नाव. आम्ही तो स्वभाव म्हणून वापरतो. "मला जिन्यावरची बुद्धी आहे" असं माणूस खांदे उडवून सांगतो, मला सायनस आहे म्हणावं तसं. स्वतःबद्दल म्हटलं की ती कबुली, दुसऱ्याबद्दल म्हटलं की टोमणा.

मादाम काझनाव्हनंही भेटल्या भेटल्या हेच सांगितलं. खाली अंगणात उभी होती, राखाडी कोट, बोटांना सुईचे घट्टे. "मस्यू रूदिए, आधीच सांगते, मला जिन्यावरची बुद्धी आहे. मालक बोलायला लागला की माझ्या डोक्यात कापूस भरतो."

"मग तुम्ही योग्य माणूस निवडलात," मी म्हटलं. "माझ्या डोक्यात गेली चाळीस वर्षं कापूसच आहे."

तीन मजले चढलो. मधे दोनदा थांबलो.

गोष्ट अशी होती. खुर्च्या मढवायचा कारखाना. एका उपाहारगृहाला चाळीस खुर्च्या दिल्या, त्यातल्या एकीची बैठक फाटून गिऱ्हाईक थेट जमिनीवर. आतल्या तागाच्या जाड पट्ट्यांच्या जागी पातळ नायलॉनच्या पट्ट्या निघाल्या. मालक म्हणत होता, मादाम काझनाव्हनं निष्काळजीपणा केला, ही गंभीर चूक आहे, ताबडतोब घरी. गंभीर चूक म्हणजे सव्वीस वर्षांनंतर ना नोटिशीची मुदत ना भरपाई. शिवाय त्या गल्लीत पुन्हा कुणी हातात सुई देणार नाही. तिचं वय चोपन्न होतं.

मालक देलकाँब्र पस्तिशीचा, बापाचा कारखाना दोन वर्षांपूर्वी हातात आलेला. दिसायला गुळगुळीत आणि जिभेला धार. असल्या माणसांची मला भीती वाटत नाही, कंटाळा येतो.

"मादाम, पट्ट्या कुणी ठोकल्या?"

"मी, पण..."

"मी विचारलं कुणी. 'पण'नं ठोकल्या असतील तर 'पण'ला बोलवा."

ती धीर करून म्हणाली, "मस्यू, मी सव्वीस वर्षं इथं काम करतेय."

"सव्वीस वर्षं?" तो मागे रेलला. "या कारखान्यातल्या लाकडातले किडे त्याहून जुने आहेत, मादाम. त्यांनाही मी कारागीर म्हणू का?"

कोपऱ्यातली त्याची हिशेबनीस बाई हसली. हसावं लागलं असेल. मादाम काझनाव्हचा चेहरा लालसर झाला, ओठ हलले, आवाज काही आला नाही. मी लिहून घेतलं: मालकाचं वाक्य, पुढे कामगार निरुत्तर. असे 'निरुत्तर' मी वहीत किती लिहिलेत देव जाणे. मनात आलं, बस झालं आता, यादीतून नाव काढून टाकावं.

वीस मिनिटांत बैठक आटोपली. मी उठलो, वही खिशात घातली, टोपी घातली, आणि छत्री खुर्चीच्या पाठीला टांगलेली तशीच ठेवली. पाऊस नव्हता. माझी छत्री पावसासाठी नसतेच.

उतरायला लागलो. दुसरा मजला, पहिला मजला. मी मुद्दाम हळू उतरत होतो, आणि गुडघे साथ देत होते. शेवटच्या पायरीवर ती एकदम थांबली. कठडा धरला.

"किडे!" ती म्हणाली.

"काय?"

"त्याला म्हणायला हवं होतं, किड्यांना निदान खुर्चीच्या आत काय आहे ते ठाऊक असतं, मस्यू. तुम्हाला ठाऊक आहे ते फक्त वरचं कापड!" ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "शी! आत्ता सुचलं. आता काय उपयोग?"

"छान आहे," मी म्हटलं. खरंच छान होतं. "अरेच्या, माझी छत्री वर राहिली. चला."

"तुम्ही थांबा, मी आणते."

"नाही. दोघंही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी कळलं असावं. आम्ही चढायला लागलो. मी तिला सांगत होतो, टोमणा असतो आपल्या समाधानासाठी, न्यायालयाला त्याचं काही पडलेलं नाही. पण बहुतेक वेळा टोमण्याच्या मागे काहीतरी उभं असतं. ते बघा.

पहिल्या मजल्यावर ती पुटपुटत होती, "खुर्चीच्या आत... खुर्चीच्या आत..." दुसऱ्या मजल्यावर तिनं माझी बाही पकडली. "मस्यू रूदिए! चिठ्ठी!"

"कसली?"

"थोरल्या मालकांचा नियम आहे. प्रत्येक खुर्चीची कामाची चिठ्ठी तळाच्या काळ्या कापडाआड ठोकायची, पुढे दुरुस्तीला आली तर कळावं म्हणून. त्या चाळीस खुर्च्यांची चिठ्ठी यानंच लिहिली होती. मी जाड पट्ट्या मागितल्या तेव्हा यानं खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'नायलॉन चालेल.' मग चाळीस झेरॉक्स काढल्या आम्ही. फाटलेली खुर्ची त्यानं भंगारात टाकली, पण बाकीच्या उपाहारगृहातच आहेत."

"हे मघाशी का नाही बोललात?"

"सव्वीस वर्षं रोज ठोकतेय हो. श्वास घेतो ते कुणाला आठवतं का?"

मला तिला मिठी मारावीशी वाटली. पण धाप लागली होती.

देलकाँब्र दारातच छत्री घेऊन उभा. "मस्यू रूदिए, कामगारांचे हक्क बरे पाठ असतात तुम्हाला. छत्री तेवढी विसरते."

मी, अर्थातच, निरुत्तर.

पण माझ्या मागून ती पुढे झाली. आवाज थरथरत होता, तरी शब्द नीट येत होते. टोमणा नाहीच मारला तिनं. तारीख सांगितली, चिठ्ठीवरचं वाक्य सांगितलं, आणि म्हणाली, "उरलेल्या एकोणचाळीस खुर्च्यांच्या पोटात तुमचं अक्षर आहे, मस्यू. कापड उचकटून बघा, नाहीतर न्यायालय बघेल."

मी दारातच वही उघडली होती. परत आलेल्या माणसाचं बोलणं लिहू नये असं कायद्यात कुठंही म्हटलेलं नाही. देलकाँब्रचं तोंड उघडं राहिलं. मी लिहिलं: मालक निरुत्तर. हा शब्द त्या बाजूला लिहायची वेळ क्वचित येते, म्हणून जरा सावकाश लिहिला.

आम्ही पहिल्या मजल्यापर्यंत उतरलो असू, तेवढ्यात वरून धाडधाड पावलं. देलकाँब्र कठड्यावरून ओणवा होऊन ओरडला, "ती सूचना होती! हुकूम नव्हता! ऐकलंत? सूचना!"

मी मान वर केली. "जिन्यावरचं मी लिहीत नाही, मस्यू."

कायद्यानं मालकाला बैठकीनंतर निदान दोन दिवस थांबायला सांगितलंय. तोवर पत्र पाठवायचं नाही, नीट विचार करायचा. म्हणजे मालकाला दोन दिवसांचा जिना आणि कामगाराला तीन मजल्यांचा. असो. देलकाँब्रनं विचार केला असावा. महिन्याच्या आत पत्र आलं नाही तर प्रकरण संपतं, आणि पत्र आलं नाही.

हे सांगायला मादाम काझनाव्ह नगरपालिकेतल्या माझ्या खोलीवर आली. मंगळवारी संध्याकाळी मी तिथं बसतो. बदामाचा केक आणला होता, स्वतः केलेला. थर्मासमधली कडू कॉफी दोघांनी घेतली. तो आता तिच्याशी बोलत नाही, म्हणाली, पण जाड पट्ट्या आणून ठेवल्यात.

निघताना तिनं विचारलं, "छत्रीची युक्ती कुठं शिकलात?"

"युक्ती कसली? म्हातारपण. विसरतो," मी म्हटलं.

"बरं," म्हणून ती गेली. तिची पावलं जिन्यावरून खाली खाली जात राहिली, आणि मी तिथंच बसून स्वतःवर चिडलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. खरं उत्तर आता, पावलं तळाशी पोचल्यावर, घशाशी आलं. उठून जावं तर गुडघे.

पावलं परत वर यायला लागली.

"माझे हातमोजे राहिले वाटतं," ती दारात म्हणाली. हातमोजे टेबलावर होते, एकावर एक, नीट ठेवलेले. मला हसू आलं, आणि रडूही.

ती पुन्हा बसली. मी सांगितलं.

चौऱ्याऐंशी साली ही यादी नव्हती. सोबत न्यायचा तर आपल्याच कारखान्यातला माणूस. माझा कामावरचा जोडीदार फेर्नां, त्यानं मला नेलं. यंत्र जळालं त्याचा आळ त्याच्यावर होता. मॅनेजरनं मला विचारलं, "तुम्ही काही सांगणार आहात, की फक्त सोबतीला आलात?" माझ्या डोक्यात कापूस. पायऱ्या उतरलो आणि तळाशी लख्ख आठवलं, यंत्र जळालं त्या तासाला मुकादमानं फेर्नांला अंगणात माल उतरवायला पाठवलं होतं. मी स्वतः पाहिलं होतं. एवढं एक वाक्य पुरलं असतं. फेर्नांची नोकरी गेली, मग घर, मग तो माणूसच कुठं गेला ते कळलं नाही. त्यानं मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही.

"मग परत वर का नाही गेलात?" मादाम काझनाव्हनं हळूच विचारलं.

"लाज वाटली. परत जायला काहीतरी निमित्त लागतं ना," मी म्हटलं. "बाहेर पाऊस पडत होता, मादाम. छत्री माझ्या हातातच होती."