इतर : अकरा

आधी त्या नुसत्या ‘बाई’ होत्या. बारा वर्षं. चष्म्याच्या काचा बनवणारा तो कारखाना, तीनशे चाळीस माणसं, आणि ऑफिसात कामगारांचं बघणाऱ्या एकच बाई. रजा, बदली, तक्रार, राजीनामा, काहीही असलं की “बाईंना विचार.” मग साहेबांनी एक सत्तावीस वर्षांची पोरगी आणून समोरच्या टेबलावर बसवली आणि आठवड्याभरात कामगारांनी तिचं नाव छोट्या बाई ठेवून टाकलं. ह्या आपोआप मोठ्या बाई झाल्या. आता सांगा, न मागता मिळालेलं मोठेपण कुणाला आवडतं?

त्यात ती पोरगी त्यांना ‘ताई’ म्हणायची. इतकं गोड म्हणायची, की बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिला आणलं का, तेही बाईंना माहीत होतं. माणसं सोडून जात होती, वर्षाला चाळीसच्या आसपास. सोडून जाणाऱ्याला शेवटच्या दिवशी बाई समोर बसवत, फॉर्म पुढे ओढत आणि विचारत, “का सोडताय?” माणूस खाली बघत म्हणे, “चांगली संधी मिळाली.” बाई त्या चौकोनात बरोबरची खूण करत, अनुभवाच्या दाखल्यावर सही करत आणि तो त्याच्या हातात देत. दर शंभरात ऐंशी खुणा ‘चांगली संधी, जास्त पगार’ ह्याच चौकोनात. त्या अहवालावरून साहेबांनी दोन वर्षांपूर्वी सगळ्यांचा पगार वाढवला. पुढच्या वर्षी एक्केचाळीस गेले.

“पगार वाढवला तरी जातात, म्हणजे पगारासाठी जात नव्हते,” साहेब म्हणाले होते. बोलणं साधंच होतं, पण बाईंना ते मुस्काटात बसल्यासारखं लागलं.

आणि विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होती. जुने प्रमुख निवृत्त झाले होते. साहेबांनी सांगून टाकलं होतं, की माणसं का जातात, ह्याच्या नव्या अहवालाची बैठक झाली की त्याच दिवशी निर्णय. बारा वर्षं बाईंनी त्या खुर्चीकडे डोळे लावले होते. घरी सासूबाईंनी तर शेजारणीला आधीच सांगून ठेवलं होतं, “आमची सून साहेबीण होणार.”

छोट्या बाईंची कामाची तऱ्हाच वेगळी. शेवटच्या दिवशी फॉर्म बाईच भरत, ती नुसता निरोप द्यायची, आणि तीन महिन्यांनी फोन करायची. “ताई, दाखला हातात नसताना कोण खरं बोलेल?” ती म्हणाली. ‘का सोडलंत’ हे तर ती विचारायचीच नाही. त्याचं उत्तर माणसाने घरूनच तयार करून आणलेलं असतं, असं तिचं म्हणणं. ती विचारायची, “सोडायचा विचार मनात पहिल्यांदा कधी आला? त्या दिवशी काय झालं होतं?” मग, “तेव्हा इथे कुणाला सांगितलंत का? पुढे काय झालं?” आणि सगळ्यात शेवटी, “इथेच तेवढा पगार मिळाला असता, तर थांबला असतात?”

आणि माणसं बोलायची! बारा वर्षांत बाईंपुढे दोन वाक्यांच्या वर न गेलेली माणसं फोनवर त्या पोरीशी अर्धा-अर्धा तास बोलायची. मध्येच ती हसायची, तिकडचाही हसत असणार. समोरच्या टेबलावर बसून बाई रजेचे अर्ज चाळत आणि कान तिकडे लावत. जळत होत्या हो, खोटं कशाला बोला? दोन वेळा तर त्यांनी मुद्दाम पंखा मोठा केला.

एक्केचाळीसपैकी चौतीस जण बोलले. तिने प्रत्येकाचं बोलणं जसंच्या तसं वेगळ्या कागदावर उतरवलं. नावं काढून नुसते आकडे घातले, आणि बैठकीच्या आधीच्या शुक्रवारी गठ्ठा बाईंपुढे ठेवला.

“ताई, मी माझे गट पाडलेत. तुम्हीही वेगळे पाडा, माझे न बघता. मग दोन्ही ताडून बघू. एकटीने पाडले की आपल्याला हवं तेच दिसतं.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “आणि प्रमुखपद तुम्हालाच मिळायला हवं. मी साहेबांना तसं बोललेय.”

ती बोललीय! म्हणजे आता ही शिफारस करणार! बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “बघू,” एवढंच म्हणाल्या.

रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून त्यांनी गठ्ठा मांडला. नवरा वर्तमानपत्रातून म्हणाला, “सुट्टीच्या दिवशी पत्ते मांडलेस?” बाईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्या पोरीचे गट उघडले. बघायचे नव्हते, पण बघितले. त्यांना चूक हवी होती, एक घसघशीत चूक, साहेबांसमोर टेबलावर ठेवता येईल अशी.

काच तपासणी विभागात ऐन वेळी बदललेली पाळी : नऊ. शिकवायचं कबूल करून न शिकवलेलं काम : सहा. खरोखरच चांगली संधी : पाच. घर दुसऱ्या गावी हललं : तीन.

“तपासणीतले नऊ म्हणते, पण तिथे माणसंच जास्त आहेत!” बाई मोठ्याने म्हणाल्या. पण पोरीने खाली हिशोब मांडलेला होता. विभागात किती माणसं आणि त्यातली शंभरामागे किती गेली. तपासणीत माणसं जास्त धरूनही जाण्याचं प्रमाण दुसऱ्या विभागांच्या दुप्पट. तेही केलंय बयेने! बाईंनी कागद आपटला.

आणि मग शेवटची ओळ दिसली. इतर : अकरा.

बाईंच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते बघून नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. चौतीसात अकरा इतर! दहात एखादा इतर असतो, ठीक. तिसरा हिस्सा इतर म्हणजे गट पाडणाऱ्याने डोळे मिटून घेतलेत. त्या अकरांत काहीतरी सारखं असणार, आणि ते ह्या हुशार पोरीला दिसलंच नाही. “आता सापडलीस,” बाई म्हणाल्या.

अकरा कागद वेगळे काढले. विभागाप्रमाणे लावले, तर सगळे विभाग आले. नोकरीच्या वर्षांप्रमाणे लावले, तर सात महिन्यांचाही होता आणि नऊ वर्षांचाही. पाळीप्रमाणे लावले, तरी काही नाही. पहिल्या प्रश्नाची उत्तरंही अकरा तऱ्हांची. कुणाचं मूल आजारी, कुणाची मुकादमाशी बाचाबाची, कुणाला काचांवर लेप चढवायच्या खोलीतल्या वासाने खोकला. म्हणून पोरगी फसली तर! मग बाईंनी पहिला प्रश्न सोडून दुसऱ्याची उत्तरं एकाखाली एक लावली. कुणाला सांगितलंत का?

‘ऑफिसात सांगितलं. बघू म्हणाल्या.’

‘दोनदा गेलो. बघू म्हणाल्या, अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला.’

‘मुलाला ताप होता, पंधरा दिवस सकाळची पाळी मागितली. बघू, म्हणाल्या. नंतर मीच विचारायचं सोडलं.’

अकराच्या अकरा. नाव एकाही कागदावर नव्हतं, आणि नावाची गरजही नव्हती. त्या तापातल्या मुलाची आई बाईंना आठवली, निळी पिशवी घेऊन दारात उभी राहिलेली. अर्ज आठवला. तो अजून ड्रॉवरमध्येच असेल. सांगून झाल्यावर दोन महिन्यांच्या आत अकराही जणांनी राजीनामा दिला होता. आणि शेवटच्या दिवशी त्याच बाईंसमोर बसून म्हणाले होते, चांगली संधी मिळाली. दुसरं काय म्हणणार होते?

बाईंनी पोरीच्या गटांची यादी पुन्हा ओढली. पाच नंबरचा गट त्यांनी मघाशी वाचलाच नव्हता. ‘सांगितलं, पण काही झालं नाही : शून्य.’ म्हणजे तिला दिसलं होतं. तिने गट केला होता, त्याला नाव दिलं होतं, आणि मग अकरा माणसं उचलून ‘इतर’मध्ये टाकली होती. ताईंसाठी.

चूक सापडली म्हणून झालेला आनंद एका क्षणात नासला. लाज वाटली, अगदी तोंड लपवावं इतकी. पण लाजेच्या वर उसळला तो हेवाच. माणसं तिला खरं सांगतात, ते खरं तिला दिसतं, आणि वर मला पदराखाली घेण्याइतकं मनही तिच्याकडे आहे? मग माझ्याकडे काय आहे?

सोमवारी बैठक झाली. पोरीने छान मांडलं. साहेबांनी ऐन वेळी पाळी बदलण्याची पद्धत त्याच बैठकीत बंद केली. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं, “हे इतर अकरा म्हणजे काय?”

“किरकोळ, साहेब,” पोरगी म्हणाली. तिचे कान लाल झाले. “घरगुती कारणं वगैरे.”

बाईंना कळत होतं. आता फक्त गप्प बसायचं. संध्याकाळी सासूबाईंना सांगता येईल, झाले हो साहेबीण. आणि मग रोज सकाळी त्या खुर्चीत बसायचं, समोर ही पोरगी, आणि दोघींना ठाऊक, की ही खुर्ची हिने दिलीय. नाही! मेले तरी नाही!

“तिची चूक आहे,” बाई म्हणाल्या. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. “अकरा जण इतर नाहीत. एकच गट आहे. ऑफिसात येऊन सांगितलं, आणि काही झालं नाही. शंभरातले बत्तीस, साहेब. सगळ्यात मोठा गट हाच आहे.”

“ताई...” पोरगी पुटपुटली.

“ऑफिसात कुणाला सांगितलं?” साहेबांनी विचारलं.

“मला.”

साहेबांनी बाईंचे आभार मानले, अगदी मनापासून मानले, आणि खुर्ची छोट्या बाईंना दिली.

जिन्यात पोरीने त्यांना गाठलं. डोळे भरलेले. “का बोललात, ताई? मी झाकलं होतं ना!”

“तू झाकलंस म्हणूनच बोलले. तुझे उपकार नकोत मला.” बाई दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या. पुढचं बोलायला त्यांना फार जड गेलं. “एक काम कर. त्या अकरा जणांची नावं दे. पाच-सहा मला कळलीत, बाकीची दे. एकेकाला फोन करते. माफी मागते.”

पोरीने डोळे पुसले. “नावं नाही देता येणार, ताई. तुम्हाला कळलीत त्यांनाही फोन करू नका. कुणाला कळणार नाही, असं मी सांगितलंय, म्हणून ते बोलले.”

“अगं, माफी मागायचीय मला!”

“तरीही नाही.”

पोरगी इथेही बरोबर होती. जिन्याचा कठडा धरून बाई उभ्या राहिल्या, आणि आयुष्यात कधी वाटला नव्हता इतका त्यांना तिचा हेवा वाटला.