हत्तीजवळ की हत्तीवर

प्रॉम्प्टवालीचं डोकं सणकलं होतं. ऑफिसात सगळे तिला याच नावानं हाक मारत, कारण जाहिरातीची चित्रं काढणाऱ्या मशीनला काय सांगायचं, ते ती लिहायची.

या खेपेला एका सुतारकाकांचा लाकडी हत्ती होता. वीतभर उंच, चाकं लावलेला, दोरीनं ओढायचा. मशीनला सेंटिमीटर सांगून काही उपयोग होत नाही, हे तिला ठेच लागून कळलं होतं. म्हणून तिनं लिहिलं होतं: 'पिवळी भिंत, निळं जाजम, लाल हत्ती. चार वर्षांची मुलगी हत्तीजवळ मांडी घालून बसलेली, हत्ती तिच्या कोपराइतका उंच. कॅमेरा मुलीच्या नजरेच्या उंचीवर. खिडकी बंद, वायर नाही, टेबलाचे कोपरे गोल.'

साहेबांनी तिला न विचारता हत्तीच्या उंचीचे शब्द खोडले आणि 'जवळ'चं 'वर' केलं.

मशीननं इमानेइतबारे मुलीला हत्तीवर बसवलं. ती मावावी म्हणून हत्ती फुगवून टेबलाएवढा केला.

"बघ, किती जिवंत वाटतंय!" साहेब म्हणाले.

"साहेब, हा बसायचा हत्ती नाहीये. लोक पोरांना बसवतील!"

"चित्रच आहे गं. खाली बारीक अक्षरात लिहू."

"बारीक अक्षरं चार वर्षांची पोरं वाचतात का?"

तेवढ्यात काका आले. त्यांचा होकार मिळाला की जाहिरात आजच जाणार होती. त्यांनी खरा हत्ती टेबलावर ठेवला, स्क्रीनकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! केवढा दिसतोय माझा हत्ती."

प्रॉम्प्टवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. साहेबांचा राग होताच, आता या माणसाचाही आला.

"काका, बसवा ना मग कुणाला तरी यावर. तुमच्या घरातलंच मूल बसवा!"

"अगं, नीट बोल जरा," साहेब ओरडले.

काकांनी हत्तीच्या पाठीवर तळहात ठेवून थोडा भार दिला. चाकाची दांडी करकरली. त्यांनी झटकन हात काढला.

"नात बसली होती," ते खालच्या आवाजात म्हणाले. "हनुवटीला टाके पडले. मला वाटलं, तिनंच दांडगाई केली."

प्रॉम्प्टवालीनं 'वर' पुसून 'जवळ' टाइप केलं, खोडलेली उंची परत लिहिली. नव्या चित्रात हत्ती मुलीच्या कोपराशी उभा होता.

"असा कोण घेईल?" साहेब म्हणाले. "आणि जाहिरात पडली तर घरी बसशील तू."

"बसेन," ती म्हणाली. तिनं रागानंच स्क्रीन काकांकडे वळवली. "काका, हे पाठवू?"

काकांनी हत्ती उचलून पिशवीत घातला. "पाठव. आणि ठळक अक्षरात लिही, यावर बसू नये."