अर्ध्या चेहऱ्याचं गोल्ड फेशियल

पार्लरवालीने दरफलकावरची ‘गोल्ड फेशियल’ ही ओळ पुसायला ओलं फडकं उचललं आणि नणंदेने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

नणंद थोरली. नवऱ्याचं घर कायमचं सोडून भावाकडे आलेली, आणि रिकामं बसवेना म्हणून भावजयीच्या पार्लरचं काउंटर सांभाळणारी. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात म्हणतात, तसं तिचं होतं. साधं क्लीनअप करायला आलेल्या बाईला ती गोल्ड फेशियल आणि वर ब्लीच गळ्यात मारून पाठवायची. “महिनाभर गोऱ्या दिसाल,” हे पदरचं. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तोंड वाकडं करून परत यायचं, आणि ते पार्लरवालीला ऐकून घ्यावं लागायचं. नणंद दुसरीकडे काम शोधेल तर बरं, असं तिला हल्ली मनापासून वाटत होतं.

“वन्सं, सोनं कातडीत शिरत नाही. वरच्या वर चमकतं आणि साबणाने जातं. चेहरा उजळ दिसतो तो मेलेली त्वचा निघाल्यामुळे आणि चोळल्याने रक्त खेळल्यामुळे. तेही दोन दिवस. मसाजही काढून टाकते, नुसतं क्लीनअप ठेवते.”

“आणि ब्लीच? त्याने तर रंग उजळतोच.”

“रंग लव बदलते, कातडी नाही. काळी लव सोनेरी झाली की चेहरा उजळ वाटतो, एवढंच. लव वाढली की पहिले पाढे पंचावन्न.”

नणंद हट्टाला पेटली. “माझ्याच तोंडावर करून बघ. अर्ध्यावर तुझं, अर्ध्यावर माझं. हरले तर मी दुसरीकडे काम बघते.”

पार्लरवालीने नाही म्हटलं नाही. त्याच संध्याकाळी तिने नणंदेच्या कानामागे ब्लीचचा ठिपका लावून पाहिला. जागा लालभडक झाली, खाज सुटली. “ब्लीच बाद,” ती म्हणाली. “गिऱ्हाइकाला हे न बघता लावलं असतं तर आपणच बाद झालो असतो.”

सकाळी पार्लर उघडायच्या आधी नणंद खुर्चीत आडवी झाली. दोन्ही बाजूंना क्लीनअप सारखंच झालं: चेहरा धुणं, हलका स्क्रब, वाफ, मग नाकावरचे काळे ठिपके काढणं. डाव्या बाजूला पार्लरवालीने भुवई कोरली, ओठावरची लव दोऱ्याने काढली, साधा पॅक लावला आणि सोडून दिलं. उजव्या बाजूला नणंदेचं सगळं लाड-कौतुक: सोनेरी क्रीमने मसाज, सीरम, सोनेरी मास्क. हनुवटीपासून कानशिलापर्यंत बोटं सावकाश फिरत राहिली. एरवी तोंडाला कुलूप न लावणारी नणंद गप्प झाली होती. झोप लागली असेल, असं पार्लरवालीला वाटलं.

पहिली आली ती शेजारची शिंपीण. काय केलंय ते तिला सांगितलं नाही, कुठली बाजू छान दिसते एवढंच विचारलं. तिने नणंदेला दाराच्या उजेडात उभं केलं, कापड निरखावं तसा चेहरा निरखला.

“डावी बाजू. डोळा कसा उघडलाय बघा. उजवीकडे जरा जास्त तेल लागलंय का?”

शिंपीण आपल्या कामाला गेली. पार्लरवालीने फडकं उचललं. तिला आनंद झाला, आणि तो लपवायची गरजही वाटली नाही.

नणंद आरशासमोर जाऊन उभी राहिली. “तुझंच खरं. भुवई कोरली की दिसतं, सोनं लावून काही दिसत नाही. मी उद्यापासून काम बघते.” मग तिने उजव्या गालाला हात लावला. “सोन्याची ओळ पूस. मसाजची तेवढी ठेव.”

“वन्सं, त्याने काही टिकत नाही. उद्या सकाळी गेलेलं असतं.”

“जाऊ दे ना गेलं तर. लग्नानंतर या गालावर दुसऱ्याचा हात पडला तो फक्त मारायला. आज कळलं, हात असाही लागतो. पैसे देऊन का होईना, कुणाला हवा असेल.”

पार्लरवाली फडकं हातात घेऊन उभी राहिली. इतकी वर्षं तिने शेकडो चेहरे चोळले होते, आणि दिसतं काय, टिकतं किती, एवढंच मोजलं होतं. नणंद घरी आल्यापासून तिने एकदाही विचारलं नव्हतं की तिकडे काय झालं. तिला स्वतःची लाज वाटली.

नणंद पिशवी शोधत होती. पार्लरवालीने दाराची कडी लावली आणि साध्या क्रीमची डबी उघडली.

“बसा खुर्चीत,” ती म्हणाली. “डावी बाजू राहिलीय.”