तीसपैकी बारा

हॉस्पिटलात तिला सगळे ‘परीक्षेच्या बाई’ म्हणत. म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासणं हे तिचं काम. ती बाळंतपणाच्या रजेवर असताना मेंदूच्या डॉक्टरांनी ते काम आपणच उरकलं होतं; आणि उरकलं म्हणजे अगदी उरकलंच होतं.

कामावर परतली त्याच सकाळी तिला हाडांच्या वॉर्डात बोलावणं आलं. खाटेवर एक आजी, मनगटाला प्लास्टर, तोंड भिंतीकडे.

“स्मृतिभ्रंश,” डॉक्टर म्हणाले. “दोन महिन्यांपूर्वी तीसपैकी बारा. आठवणीची गोळी दिली, तरी काल चक्कर येऊन पडल्या. आजार वाढतोय.”

आजीचा मुलगा शेजारी उभा होता. वृद्धाश्रमात जागा ठरली होती. डॉक्टरांचा दाखला हातात पडला की आईला इथूनच तिकडे न्यायचं.

“आजी, शाळा किती झाली?” बाईनं विचारलं.

“शाळेच्या भिंतींना गिलावा केलाय मी,” आजी भिंतीलाच म्हणाली. “आत कुणी बोलावलं?”

बाईला कळायचं ते कळलं. तिनं डॉक्टरांना दाराबाहेर नेलं.

“हिला ठोकळ्याचं चित्र काढायला लावलंत? घड्याळ काढायला? आकडे आणि अक्षरं आळीपाळीनं जोडायला? ‘क’पासून सुरू होणारे शब्द सांगायला?”

“चाचणीच तशी आहे. आणि कमी शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतो की आपण. अकराचे बारा केले.”

“वा! बारावी झालेल्याला एक, आणि जिनं जन्मात पेन्सिल धरली नाही तिलाही एकच. मोठं मन आहे आपलं!”

“बाई, आवाज...”

“शब्दातले आवाज सुटे करून ऐकायला माणूस वाचताना शिकतो. कागदावरच्या सपाट रेघांत ठोकळा बघायलाही शिकवावं लागतं. तुम्ही आठवण तपासलीच नाहीत, डॉक्टर. तुम्ही शाळा तपासलीत.”

विटा उचलून ज्या हातांना घट्टे पडले, त्यांत कुणीतरी पेन्सिल कोंबली होती आणि ती थरथरली म्हणून बाईमाणसाचं डोकं गेलं असं लिहून टाकलं होतं. पाण्यात कधी न उतरलेल्याला पोहता आलं नाही, तर त्याला पांगळा म्हणणार का?

ती आत आली. “नर्स, आजींची नाडी बघा बरं.”

नर्सनं घड्याळाकडे बघत मोजली. पुन्हा मोजली. “बेचाळीस.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ती गोळी हृदयाचे ठोके मंदावू शकते, चक्कर आणू शकते, हे त्यांना पाठ होतं. आजार वाढला म्हणून आजी पडली नव्हती. कदाचित नसलेल्याच आजाराचं औषध खाऊन पडली असावी.

“गोळी बंद करा. हृदयाचा आलेख काढा,” ते नर्सला म्हणाले. मग हळूच, “पण बाई, आजार नाहीच हे कशावरून?”

“नाही असं मी कुठं म्हटलं? अडाणी म्हणून खरा आजार सोडून देणं हाही गुन्हाच. नीट तपासू, एवढंच म्हणते.” ती मुलाकडे वळली. “दोन महिन्यांपूर्वी आईला इथं का आणलं होतं?”

“दोनदा नळ चालू राहिला. मला भीती वाटली हो.”

“स्वयंपाक कोण करतं? बाजारात कोण जातं? कुठं वाट चुकली? गोळ्या विसरली?”

“सगळं तीच करते. नाही, चुकली नाही. बहिणीच्या सासरचे निरोपसुद्धा तिलाच...” तो थांबला. “हे कुणी विचारलंच नाही मला.”

“मग आजच घ्या ना परीक्षा,” तोच पुढं घाईनं म्हणाला.

“हात ठणकतोय, रात्रभर डोळा नाही. आज घेतली तर तुमचीसुद्धा बिघडेल. नाडी सुधारू दे, दुखणं ओसरू दे. तोवर दाखला नाही.”

डॉक्टरांनी उघडलेलं पेन खिशात ठेवलं.

महिन्याभरानं, नाडी सुधारल्यावर, आजी बाईच्या खोलीत खुर्चीत बसली, ती ओठ घट्ट मिटून. “परत नापास करणार?”

“कागद नाही, पेन्सिल नाही,” बाई म्हणाली आणि टेबलावर खऱ्या वस्तू मांडल्या: चमचा, कुलूप, कंगवा, दोरा. आजीकडून नावं वदवून घेऊन झाकून ठेवल्या. मग बाजारातल्या भाज्या जमतील तितक्या सांगायला लावल्या. आजी थांबेपर्यंत मोजून मोजून बाईचीच बोटं दमली. गप्पा मारून पुन्हा वस्तू विचारल्या. कंगवा राहिला; बाईनं “केसांचं काहीतरी” म्हणताच तोही आला. हे सगळं बाईनं शाळा न पाहिलेल्या, त्याच वयाच्या माणसांच्या गुणांशी ताडून पाहिलं. आजी त्यांच्यात अगदी मधोमध होती.

“वर्षानं पुन्हा बघू. तेव्हा तुमची तुलना तुमच्याशीच,” बाई म्हणाली. “आज आजार दिसत नाही.”

“हे मला काय सांगतेस, पोरी? मला ठाऊकच होतं.” आजीनं मुलाकडे हनुवटी उडवली. “त्याला सांग. जोरात सांग.”

बाईनं सांगितलं, शेजारच्या खोलीत डॉक्टरांनाही ऐकू जाईल इतक्या जोरात.

मुलगा खाली बघत म्हणाला, “आई, हात बरा होईपर्यंत माझ्याकडे चल.”

“मी कशाला येऊ? तूच चल माझ्याकडे,” आजी उठली. “भांडी घास. नळ बंद करायची आठवण मी करीन.”

ती निघाली, तो पिशवी घेऊन मागोमाग. बाई मात्र उठली नाही. तिच्या रजेत त्या ठोकळ्यापुढे आणखी किती जणांना बसवलं होतं, ते तिला आता डॉक्टरांकडून काढून घ्यायचं होतं.