आपली विश्वासू

कारणे दाखवा नोटीस हातात पडली तेव्हा इंजिनीअरबाईंचा पहिला राग स्वतःवरच निघाला.

जलकेंद्राचा मोठा पंप बंद पडला होता. इस्पितळाला दुपारपर्यंत पाणी नव्हतं, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. 'पंपाच्या स्थितीबाबत आपण वरिष्ठांस वेळीच का कळविले नाही?' असं नोटिशीत विचारलं होतं. खाली सही मुख्य अभियंत्यांची. म्हणजे चिमणीची.

कॉलेजात एका खोलीत राहिलेल्या दोघी. चिमणी हे नावही इंजिनीअरबाईंनीच पाडलेलं. आणि कळवलं कसं नव्हतं? तीन महिन्यांपूर्वी चांगलं दोन पानी कळवलं होतं! पण वर 'प्रिय चिमणी, स.न.वि.वि.', खाली 'कळावे, लोभ असावा, तुझीच'. पाकिटावर हुद्दा नाही, नुसतं नाव. तशा पाकिटाला आवक विभाग हात लावत नाही. खाजगी म्हणून ते न फोडता साहेबांच्या टेबलावर जातं. ना आवक क्रमांक, ना फाइल. मैत्रिणीकडून काम पटकन होईल, म्हणून हा उद्योग केला होता. तो चांगलाच अंगाशी आला होता.

"उत्तर आज गेलंच पाहिजे," हेडक्लार्क म्हणाले. त्यांनी मसुदा टाइप करूनच आणला होता. "बघा, सुरुवातीला 'परम आदरणीय' घातलंय. शेवटी 'आपली कृपाभिलाषी'. जरा नमतं घेतलं की साहेबलोक विरघळतात."

"कृपाभिलाषी कशाला? मी काय बदली मागतेय? आरोपाचं उत्तर देतेय. कृपा मागितली म्हणजे चूक कबूलच केली की!"

"मग 'आज्ञाधारक' करू?"

"नको हो."

तेवढ्यात फोन वाजला. चिमणीच होती.

"ऐक, घाबरू नकोस. मला एक साधं पत्र टाक, आपलं नेहमीचं. प्रिय वगैरे. मी सांभाळून घेते."

"चिमणे, माझं तेव्हाचं पत्र तुला मिळालं होतं ना?"

पलीकडून हलक्या आवाजात उत्तर आलं, "तू मला लिहिलं होतंस गं. कार्यालयाला नाही."

फोन ठेवल्यावर त्यांनी की-बोर्ड पुढे ओढला. 'प्रिय' लिहावं तर हेही पत्र नोंद न होता तिच्या टेबलावर जाणार, आणि रेकॉर्डवर उत्तरच नाही असं होणार. दुसरं काही लिहावं तर वीस वर्षांची मैत्री एका ओळीत संपणार. शेवटी त्यांनी हेडक्लार्कांचा मसुदा बाजूला सारून नव्याने टाइप करायला घेतलं.

'प्रति, मा. मुख्य अभियंता.' नाव नाही, फक्त पद. विषय लिहिला. संदर्भात आधी नोटिशीचा क्रमांक, मग 'माझे आपणांस व्यक्तिशः पाठविलेले पत्र', तारखेसह, आणि त्या पत्राची स्वतःकडे ठेवलेली प्रत सोबत जोडली. मायन्याला नुसतं 'महोदया,'. तो शब्द टाइप करताना बोट अडलं. परकं कुणीतरी दारात उभं असल्यासारखं वाटलं. मजकूर सरळ होता. शेवटी 'आपली विश्वासू', सही, हुद्दा. एक प्रत सचिवांना. हेडक्लार्क मान हलवत आवक-जावककडे गेले.

पुढच्या आठवड्यात सचिवांच्या दालनात सुनावणी झाली. दोघी समोरासमोर बसल्या, पण नजर कुणीच वर केली नाही.

सचिवांनी जुन्या पत्राची प्रत उलटीपालटी केली. "'तुझीच'. हे काय कार्यालयीन पत्र म्हणायचं?"

"नाही, सर," इंजिनीअरबाई म्हणाल्या. "मायना चुकला, ती चूक माझी. पण आत पंपाचा झिजलेला शाफ्ट आहे, राखीव पंपाची मागणी आहे. ते खोटं नाही."

सचिव चिमणीकडे वळले. "तुम्हाला हे मिळालं होतं?"

पंखा गरगरत होता. नाही म्हणायला काहीच लागत नव्हतं; कुठल्याच रजिस्टरात नोंद नव्हती.

"मिळालं होतं," चिमणी म्हणाली. "घरगुती पत्र म्हणून अर्धंच वाचलं. पुढचं वाचायचं राहून गेलं." तिने प्रत सचिवांकडे सरकवली. "माझ्या नावाने असलं तरी काम खात्याचंच होतं, सर."

नोटीस मागे घेतली गेली. लेखी ताकीद चिमणीला मिळाली, आणि राखीव पंप महिनाभरात मंजूर झाला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये इंजिनीअरबाई तिच्या मागे धावल्या. "अगं थांब ना!"

चिमणी थांबली. डोळे लाल होते. "महोदया वाचलं ना, तेव्हा आधी वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचं पत्र उघडलंय."

"मला तरी दुसरं काय लिहिता येणार होतं?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "तेच तर मनाला लागलं."

मग तिने फाइल दुसऱ्या काखेत घेतली आणि एकटीच जिना उतरून गेली. इंजिनीअरबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. हाक मारायची होती, पण कोणत्या नावाने मारावी ते सुचेना.