लग्नघरच्या शेवया

सकाळी साडेसातला बानूबाईंनी सारजाच्या ओसरीवर आदल्या दिवशी ठेवलेली रव्याची गोणी उचलली आणि आपल्या सुनेच्या डोक्यावर दिली. मार्च १९९६. निमगाव केतकीत लग्नं जवळ आली होती.

"काय झालं, बानूबाई? चाळणीसुदिक धुवून ठिवलीया," सारजा म्हणाली.

"काय न्हाय गं. घरात अजून ठरायचंय." बानूबाई तिच्याकडं न बघताच पायऱ्या उतरल्या.

त्या आठवड्यात लग्नघरची परत गेलेली ही तिसरी गोणी होती.

सारजाचा नवरा सावळाराम उसाच्या ट्रॅक्टरवर होता. कार्तिकात रस्त्यावरच अपघातात गेला. तिचा सुप्याचा भाऊ म्हणाला, भाच्याला, यशराजला मी नेतो, पण स्वराली आठवीला बसली तेवढी पुरे. सारजाला दोन्ही पोरं एकाच घरात आणि शाळेत ठेवायची होती. त्यासाठी जूनच्या आत काहीतरी उभं करायला हवं होतं.

तिनं घाई केली नव्हती. शेळ्यांना चारा विकत घ्यावा लागला असता. शिवणयंत्रं गल्लीतच चार होती. स्टँडवर चहाची टपरी टाकायची तर जागा मिळवून देणारं कुणी ओळखीचं नव्हतं. शेवयांचं यंत्र मात्र गावात नव्हतं; बाया पिठं घेऊन इंदापूरला जात. रवा गिऱ्हाइकाचा, श्रम आपले, उधारीचा माल नाही. तिनं घरोघर जाऊन विचारलं, उन्हाळ्यात शेवया किती करता? प्रत्येक घरानं मोठा आकडा सांगितला. लग्नघरांनी तर त्याहून मोठा. मग पोस्टातली शिल्लक मोडून तिनं बारामतीतून जुनं यंत्र आणलं आणि दोन दिवस तिथंच बसून शिकून घेतलं.

दुपारी अंगणवाडीच्या मेघनाताई आल्या. त्यांनी ओसरीवरची रिकामी जागा पाहिली.

"किती करता, एवढंच विचारलंस का गं?"

"मग आजून काय इचारायचं?"

"कुणाच्या हातच्या चालतील, ते."

लग्नाच्या शेवयांचा पहिला घाणा सवाष्णीनं घालायचा, हे सारजाला माहीत नव्हतं असं नाही. तिनं स्वतः पाच-सहा लग्नांत घातला होता. हिशेब मांडताना मात्र ती स्वतःला अजून त्याच बायांत धरून बसली होती. आणि नुकतं कुंकू पुसलेल्या बाईला तोंडावर नको म्हणायला एकही घर धजावलं नव्हतं.

"आमच्या वस्तीतल्या बाया येतील," मेघनाताई म्हणाल्या. "आमच्यात असलं बघत न्हाईत."

"किती घरं?"

"पंधरा-सोळा."

तेवढ्यावर विजेचं बिल निघालं असतं, पोरांची फी नाही.

संध्याकाळी सारजा सासूपाशी, छबूबाईंपाशी बसली. अंगणात सासरे म्हस्कू आबा खोकत होते. ते होते म्हणून छबूबाई सवाष्ण होत्या.

"आत्या, यंत्रावर तुमी बसा. मी आतनं सांगते."

छबूबाईंनी बराच वेळ तांदूळ निवडले. "लेक माजा गेला. आन् हिरवा चुडा भरून मी बसू व्हय? तू आत कोंडून?"

"स्वरालीसाठी बसा."

"तिचं नाव घिऊ नगंस. मग मला न्हाय म्हणता येत न्हाय."

यंत्रावर छबूबाई बसणार, असा निरोप गेला. दुसऱ्या दिवशी बानूबाई गोणीसकट आल्या. बरोबर चार बाया होत्या. "छबूबाईचा हात म्हंजे काय बघायलाच नको," त्या मोकळेपणानं म्हणाल्या. सारजाचं नाव कुणी काढलं नाही.

ती आतल्या खोलीत, किलकिल्या दाराशी उभी होती. तिला यंत्र दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. पहिल्या शेवया उतरल्या, काठीवर झेलल्या गेल्या, बायका हसल्या. मग यंत्राच्या मोटारीचा आवाज जड झाला.

"कणीक घट झालीया, आत्या. थोडं पाणी शिंपडा, मळून घ्या."

छबूबाईंनी पाणी शिंपडलं, मळलं. शेवया पुन्हा सुटल्या.

"दाराशी कोन हाय?" एका बाईनं विचारलं.

"आमच्या स्वरालीची आई हाय," छबूबाई म्हणाल्या. "यंत्र तिचंच हाय."

"व्हय, पर घाणा भरंस्तवर तिनं बोलू नये," बानूबाई हळूच म्हणाल्या. "माजं न्हाय, व्याह्यांचं म्हणणं हाय."

सारजानं दार लावून घेतलं. लाकडातून आवाज अंधुक येत होता. मोटार पुन्हा जड झाली. या वेळी ती बोलली नाही. मोटार फार तापली तर जळते, हे बारामतीच्या दुकानदारानं दोनदा सांगितलं होतं. तिनं कडीवर हात ठेवला आणि तिथंच राहिली.

खट्‌ झालं. मोटार थांबली.

तिनं दार बोटभर उघडलं. बटन छबूबाईंनी बंद केलं होतं. दोन्ही हात मांडीत घेऊन त्या यंत्राकडं बघत बसल्या होत्या. "ती सांगंल तवाच आता बटन दाबीन," त्या म्हणाल्या. बानूबाईंची अर्धी कणीक परातीत होती. ओसरीवरून अजून कुणी उठलं नव्हतं.